सेवासमाप्तीचे कारण मुलाखतीत सांगताना: सोलापूरच्या टॉवेल निर्यातीतील एक प्रकरण

या प्रकरणातील उमेदवार सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या एका युनिटमध्ये निर्यात कागदपत्रांचे काम पाहत होते. वय 37, शिक्षण बी.कॉम., एकूण अनुभव बारा वर्षांचा आणि त्यातली शेवटची सहा वर्षे याच युनिटमध्ये. 2025 च्या उत्तरार्धात त्यांना एक महिन्याचा नोटीस पगार देऊन कामावरून काढण्यात आले. पत्रातले कारण एका ओळीचे होते: कामगिरी समाधानकारक नसल्याने सेवा समाप्त करण्यात येत आहे. त्यानंतर त्यांनी तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. पहिल्या दोन ठिकाणी नोकरी का गेली या प्रश्नापाशीच मुलाखत संपली, तिसऱ्या ठिकाणी मात्र त्याच प्रश्नावरून ती कामाकडे वळली. तिन्ही वेळा माणूस तोच होता आणि घडलेली गोष्टही तीच होती, फक्त सांगण्याची पद्धत वेगळी होती. म्हणूनच हे प्रकरण तपशिलाने लिहिण्याजोगे वाटते. उमेदवाराची आणि संबंधित युनिटांची ओळख पटणार नाही, इतपत तपशील बदलले आहेत.

आधी नोकरी का गेली ते नीट समजून घेतले पाहिजे. स्वतः उमेदवारालाच ते स्पष्ट सांगता येत नव्हते आणि पुढची बरीचशी अडचण तिथूनच उगवली.

युनिटचा माल युरोपातल्या एका खरेदीदाराला एलसीवर जात असे. एलसी म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेली हमी. ठरलेली कागदपत्रे ठरलेल्या मुदतीत आणि एलसीत लिहिले आहे त्याबरहुकूम सादर केली, तर बँक पैसे देते. बँक माल पाहत नाही, कागद पाहते. त्यामुळे टॉवेल कितीही उत्तम विणला असला, तरी कागदावरची एक तारीख चुकली की बँकेला पैसे नाकारण्याचा अधिकार मिळतो. या एलसीत माल जहाजावर चढण्याची शेवटची तारीख 20 होती. कंटेनर 13 तारखेला भरायचे ठरले होते, परंतु एका रंगाची छटा खरेदीदाराने मंजूर केलेल्या नमुन्याशी जुळली नाही, तो लॉट पुन्हा डाइंगला गेला आणि पॅकिंग 17 तारखेच्या संध्याकाळी संपले. सोलापूरहून न्हावाशेवाला कंटेनर पोहोचेपर्यंत ठरलेल्या जहाजासाठी गेट बंद होण्याची वेळ टळून गेली होती. पुढचे जहाज 24 तारखेचे मिळाले. माल जहाजावर चढल्याबद्दल शिपिंग कंपनी देते त्या कागदावर, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर, माल चढल्याची तारीख 24 पडली आणि चार दिवसांच्या उशिरामुळे खरेदीदाराच्या बँकेने कागदपत्रे नाकारली. माल समुद्रात असताना खरेदीदाराने सहा टक्के सूट मागितली. मालकांपुढे दुसरा मार्ग नव्हता, त्यांनी ती दिली.

यात उमेदवाराचा वाटा नेमका किती? डाइंगचा उशीर त्यांच्यामुळे झाला नव्हता, जहाजही त्यांच्यामुळे चुकले नव्हते. परंतु 13 तारखेला कंटेनर भरला जाणार नाही हे कळले, तेव्हा 20 ही तारीख धोक्यात आली आहे हे ओळखणे त्यांचे काम होते. त्या दिवशी खरेदीदाराला मेल करून एलसीत दुरुस्ती मागता आली असती. अशी दुरुस्ती खरेदीदाराने आपल्या बँकेमार्फत करून पाठवायची असते आणि तिला काही दिवस लागतात. हाताशी एक आठवडा होता. उमेदवाराने उत्पादन व्यवस्थापकांना तोंडी सांगितले, ‘तारीख जवळ आलीय, लवकर करा,’ आणि ते थांबले. मालकांना लेखी कळवले नाही, खरेदीदाराकडे मुदतवाढ मागितली नाही. त्याआधी वर्षभरापूर्वी पॅकिंग लिस्टमधले आणि कार्टनवरचे आकडे न जुळल्याबद्दल त्यांना एक लेखी ताकीद मिळालेली होती. या दोन गोष्टी मिळून पत्र निघाले.

त्या पत्रात गैरवर्तनाचा आरोप नव्हता, चौकशी झाली नव्हती, पैशांचा गोंधळ नव्हता. भरती करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. चोरी, लबाडी किंवा खोटी कागदपत्रे यांमुळे बडतर्फ झालेला माणूस आणि एका जबाबदारीत कमी पडल्याने काढलेला माणूस यांच्याकडे कोणताही समंजस व्यवस्थापक एकाच नजरेने पाहत नाही. पण उमेदवाराने आपण कोणत्या बाजूला आहोत हे स्वच्छ सांगितले नाही, तर ऐकणारा वाईटातला वाईट अर्थ घेऊन मोकळा होतो.

पहिल्या मुलाखतीत त्यांनी ते सांगितलेच नाही. होटगी रोडवरच्या एका निर्यातदाराकडे कारण विचारल्यावर ते म्हणाले, ‘वैयक्तिक कारणाने सोडली.’ मुलाखत घेणाऱ्यांनी मान हलवली आणि शेवटच्या महिन्यांचे कागद मागितले. उमेदवाराने पगाराच्या स्लिपांसोबत अंतिम हिशेबाचा कागदही दिला आणि त्या कागदात ‘नोटीस पगार’ अशी एका महिन्याची रक्कम कंपनीने दिलेली होती. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला कंपनी सहसा नोटीस पगार देत नाही. उलट तो नोटीस न देता गेला, तर त्याच्याच हिशेबातून रक्कम कापली जाते. शिवाय नोकरी संपल्याची तारीख महिन्याच्या मधलीच होती. मुलाखत घेणाऱ्यांनी एवढेच विचारले, ‘घरच्या कारणाने सोडलीत, मग नोटीसचे पैसे कंपनीने कसे दिले हो?’ उमेदवाराला उत्तर सुचले नाही. त्यानंतरचे प्रश्न केवळ उपचार म्हणून विचारले गेले.

पुष्कळ उमेदवारांना वाटते की, जुन्या कंपनीला कोणी फोन केला नाही तर काहीच कळणार नाही. प्रत्यक्षात फोन करण्याची वेळ बऱ्याचदा येतच नाही. भविष्य निर्वाह निधीच्या सेवा इतिहासात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, अंतिम हिशेबात कोणी कोणाला काय दिले ते असते, आणि अनुभवपत्रात ‘स्वेच्छेने राजीनामा दिला’ हे वाक्य आहे की नाही हे अनुभवी नजरेला पहिल्या वाचनातच दिसते. सोलापुरात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. इथला टॉवेल आणि चादरीचा व्यवसाय आडव्यातिडव्या ओळखींनी बांधलेला आहे. सुताचा व्यापारी, डाइंगवाला, कंटेनर पुरवणारा वाहतूकदार आणि कस्टमचे काम करणारा एजंट ही माणसे अनेक युनिटांना समाईक असतात. एखाद्या निर्यातदाराच्या कागदांत बँकेला डिस्क्रिपन्सी, म्हणजे एलसीशी न जुळणारी गोष्ट, आढळली आणि त्याला सूट द्यावी लागली, ही बातमी या वर्तुळात कोणी मुद्दाम न पसरवताही पोहोचते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्या तपासणीचे काम संस्थेकडे देतात, इथे ते काम चहा पिताना होते.

दुसऱ्या मुलाखतीत त्यांनी खरे सांगितले, पण ते ज्या रीतीने सांगितले त्याने नुकसानच झाले. प्रश्न येताच त्यांनी सुरुवात डाइंगपासून केली. कोणता रंग होता, नमुना कोणी मंजूर केला होता, उत्पादन व्यवस्थापकांचा स्वभाव कसा होता, मालकांनी पूर्वी किती वेळा त्यांचे कौतुक केले होते आणि सहा वर्षे रात्री उशिरापर्यंत थांबूनही शेवटी एका चुकीसाठी कसे काढले, हे सगळे त्यांनी सांगितले. बोलता बोलता त्यांनी खरेदीदाराचे नाव घेतले आणि त्याला मिळणारा दरही सांगून टाकला. समोरचे गृहस्थ त्याच देशात माल पाठवणारे होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ‘बरं, कळवतो’ म्हणाले.

या उत्तरातला एकही शब्द खोटा नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मुलाखत घेणाऱ्याला त्या चार दिवसांचा न्यायनिवाडा करायचा नसतो. त्याच्या मनात तीन प्रश्न असतात. हा माणूस खरे बोलतो आहे का? जे तिथे झाले ते माझ्याकडे पुन्हा होईल का? आणि उद्या माझ्याकडून गेला, तर माझ्याबद्दल बाहेर असेच बोलेल का? दुसऱ्या मुलाखतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे मिळाले, दुसऱ्याचे मिळालेच नाही आणि तिसऱ्याचे फार वाईट मिळाले. खरेदीदाराचे नाव आणि दर उघड करणे ही तर त्या उत्तरातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट होती. जो जुन्या मालकाचा दर सांगतो, तो नव्या मालकाचाही सांगणार.

या टप्प्यावर घरच्यांनी त्यांना एक सोपा मार्ग सुचवला. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयात शुल्क वाढवून एकूण 50 टक्क्यांवर नेले होते आणि अमेरिकेला माल पाठवणाऱ्या कापड उद्योगाला त्याचा फटका बसल्याची चर्चा सर्वत्र होती. ‘ऑर्डरी कमी झाल्या म्हणून माणसे कमी केली, एवढेच सांग. कोण विचारतंय?’ असे त्यांच्या मेहुण्यांचे म्हणणे होते. हा सल्ला मोहात पाडणारा होता, कारण ते कारण खोटे असले तरी काळाला साजेसे होते. परंतु त्यांच्या युनिटचा जवळजवळ सगळा माल युरोपात जात होता आणि ही गोष्ट या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक असणार होती. युनिटमधून त्या काळात दुसरे कोणी गेलेही नव्हते. आर्थिक कारणाने झालेली कपात एकट्या माणसाची क्वचितच असते. तिच्यामागे बंद केलेली पाळी असते, कमी केलेला विभाग असतो, किमान दोन-चार नावे तरी असतात. मुलाखत घेणाऱ्याने ‘तुमच्याबरोबर आणखी कोण गेले?’ एवढे विचारले असते, तरी उत्तर अडले असते.

कपात खरोखरच झालेली असती, तर उत्तर फार सोपे होते. किती माणसे कमी झाली, कोणत्या विभागातली आणि कोणत्या आधारावर, हे दोन वाक्यांत सांगून पुढे जाता येते, आणि तिथे स्वतःची चूक शोधण्याची गरजही नसते. पुष्कळ जण खऱ्या कपातीतही उगाच अपराधी सुरात बोलतात आणि नसलेला संशय निर्माण करतात. या उमेदवाराची गोष्ट मात्र कपातीची नव्हती, म्हणून त्याला कपातीचे उत्तर चालणार नव्हते.

ते माझ्याकडे आले ते या वेळी. भरतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंचा अनुभव असल्याने मी अशा उमेदवारांबरोबर तयारीला बसतो. आम्ही आधी उत्तराला हात लावला नाही. सेवासमाप्तीचे पत्र, अंतिम हिशेब, अनुभवपत्र आणि भविष्य निर्वाह निधीचा सेवा इतिहास हे चार कागद टेबलावर मांडले आणि त्या प्रत्येकातून परक्या माणसाला काय दिसेल ते लिहून काढले. जे उत्तर या चारही कागदांशी आणि बाजारातल्या ऐकीव गोष्टीशी एकाच वेळी जुळते, तेच उत्तर टिकते. पत्रात ‘कामगिरी’ हा शब्द असताना उत्तरात ‘मतभेद’ म्हणून चालणार नव्हते.

मग आम्ही त्या घटनेतला त्यांचा वाटा एका वाक्यात लिहिण्याचा प्रयत्न केला. सर्वांत जास्त वेळ इथे गेला. त्यांचा पहिला मसुदा होता, ‘माझ्याकडून संवादात थोडी कमतरता राहिली.’ असे गोल वाक्य ऐकले की अनुभवी मालक सावध होतो, कारण त्यातून काय झाले तेच कळत नाही. दुसरा मसुदा उलट्या टोकाचा होता, ‘माझ्यामुळे कंपनीचे सहा टक्के नुकसान झाले.’ तेही खरे नव्हते, कारण उशिराची सुरुवात डाइंगमध्ये झाली होती आणि सगळा दोष अंगावर ओढून घेणे हेदेखील चुकीचेच वर्णन आहे. शेवटी जे वाक्य राहिले ते असे: ‘माल उशिरा निघणार हे मला एक आठवडा आधी दिसले होते, पण मी एलसीची मुदतवाढ लेखी मागितली नाही.’ त्यात चूक कोणती, ती कोणाची आणि काय करायला हवे होते, हे तिन्ही आले. डाइंगचा उल्लेख त्यात नाही. विचारले तर सांगायचा, आपणहून सांगायचा नाही.

पूर्ण उत्तर त्यांनी स्वतःच्या शब्दांत असे बसवले:

‘त्यांनी मला कामावरून कमी केले, सर. एका शिपमेंटला एलसीच्या तारखेपेक्षा चार दिवस उशीर झाला, बँकेने कागद नाकारले आणि कंपनीला खरेदीदाराला सूट द्यावी लागली. माल उशिरा निघणार हे मला एक आठवडा आधी दिसले होते, पण मी मुदतवाढ लेखी मागितली नाही. ते माझे काम होते. त्यानंतर मी तारखांवर लक्ष ठेवण्यासाठी एक तक्ता तयार केला आहे, तो सोबत आणलाय. तुमच्याकडे एलसीच्या तारखा सध्या कोण बघतं?’

हे बोलायला पाऊण मिनिटही लागत नाही. यातले पहिले वाक्य सर्वांत जड आहे आणि ते पहिलेच असले पाहिजे, असा माझा आग्रह होता. ‘कमी केले’ हे शब्द उत्तराच्या शेवटी आले, तर तोवर ऐकणारा अंदाज बांधत बसतो आणि मधले काहीच ऐकत नाही. आधीच बोलून टाकले की त्याचे कान पुढच्या भागासाठी मोकळे होतात. शेवटचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा, परंतु तो केवळ विषय बदलण्यासाठी असेल तर समोरच्याला ते लगेच कळते. या प्रश्नात तसे नव्हते. नव्या ठिकाणी तारखांची जबाबदारी कोणाकडे असेल, हे उमेदवाराला खरोखरच माहीत करून घ्यायचे होते. जुन्या ठिकाणी ती अर्धी त्यांच्याकडे आणि अर्धी उत्पादन विभागाकडे होती, आणि त्या अर्धवटपणातच काम बुडाले होते.

तक्ता साधा होता, एका पानाचा. प्रत्येक एलसीसाठी एक ओळ: माल चढवण्याची शेवटची तारीख, एलसी संपण्याची तारीख, माल चढल्यानंतर कागद किती दिवसांत सादर करायचे ती मुदत, जहाजाची गेट बंद होण्याची वेळ, आणि शेवटी एक रकाना ‘निर्णयाची तारीख’. एलसीत वेगळे काही लिहिले नसेल, तर माल चढल्यापासून 21 दिवसांत आणि एलसी संपण्यापूर्वी कागद सादर करावे लागतात, हा आंतरराष्ट्रीय नियम त्यांनी तळटिपेत लिहिला होता. निर्णयाची तारीख म्हणजे शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीची तारीख. त्या दिवशी माल पॅक झालेला नसेल, तर मालकांना आणि खरेदीदाराला त्याच दिवशी मेल जाईल. आपण काय शिकलो हे तोंडाने सांगण्यापेक्षा हा एक रकाना दाखवणे कितीतरी परिणामकारक ठरते, कारण तो रकाना त्याच चुकीच्या ठिकाणी बसवलेला आहे.

तिसरी मुलाखत चिंचोळी एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये झाली. समोर युनिटचे एक भागीदार आणि हिशेब व मनुष्यबळ दोन्ही पाहणाऱ्या एक बाई होत्या. सुरुवातीची दहा मिनिटे शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट आणि बँकेतल्या कामाविषयी गेली. मग बाईंनी विचारले, ‘मागची नोकरी कशामुळे सुटली?’ उमेदवाराने ठरलेले उत्तर दिले. ते संपल्यावर दोघेही काही क्षण बोलले नाहीत. अशा शांततेत उमेदवाराला आणखी काहीतरी बोलावेसे वाटते आणि बहुतेक वेळा तिथेच डाइंगची कहाणी सुरू होते. तयारीत आम्ही याचा सराव केला होता. ते थांबून राहिले.

भागीदारांनी पुढचा प्रश्न विचारला तो अगदी वेगळ्या रोखाने. ‘चारच दिवसांचा प्रश्न होता. शिपिंग लाइनला सांगून बिल ऑफ लेडिंगवर 20 तारीख टाकून घेतली नाहीत?’

वरवर पाहता हा प्रश्न कौशल्याचा वाटतो, पण तो सचोटीचा होता. मालाच्या चढाईची तारीख मागची दाखवणे म्हणजे बनावट कागद तयार करणे. त्यावर बँकेकडून पैसे घेणे ही फसवणूक ठरते आणि उघडकीस आली तर निर्यातदाराचे नाव कायमचे खराब होते. तरीही असे सुचवणारी माणसे बाजारात भेटतात, हे मुलाखत घेणाऱ्यालाही माहीत असते. उमेदवार म्हणाले, ‘नाही सर. एजंटने तसे सुचवले होते, पण ते खोटे कागद झाले असते. उशीर झाला ते परवडले.’ या प्रश्नाची तयारी आम्ही केलेली नव्हती. मुलाखतीत त्यांना सर्वांत जास्त उपयोग या उत्तराचाच झाला, असे मला वाटते. नोकरी गेल्याचे ज्याने सरळ सांगितले, त्याचे हे उत्तर विश्वासार्ह वाटले. पहिल्या मुलाखतीप्रमाणे ‘वैयक्तिक कारण’ सांगून मग हेच उत्तर दिले असते, तर त्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

बाईंनी पुढे विचारले, ‘त्याआधी काही तक्रार होती का?’ लेखी ताकीद त्यांच्या हाती असलेल्या कागदांत नव्हती. ती लपवणे शक्य होते. उमेदवाराने सांगितले, ‘हो मॅडम, एक लेखी ताकीद होती, पॅकिंग लिस्ट आणि कार्टनचे आकडे जुळले नव्हते. तेव्हापासून कंटेनर भरताना मी स्वतः उभा राहून मोजणी करत होतो आणि तशी चूक पुन्हा झाली नाही.’ जे विचारले नाही ते सगळे सांगत बसण्याची गरज नसते, पण थेट विचारले तर अर्धे उत्तर देता येत नाही, ही मर्यादा आम्ही आधीच ठरवली होती. खरेदीदाराचे नाव भागीदारांनी एकदा सहज विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘ते सांगणे बरोबर होणार नाही, सर.’ भागीदारांनी पुन्हा विचारले नाही.

तक्त्यावर मग जवळपास वीस मिनिटे चर्चा झाली. निर्णयाची तारीख दहा दिवस आधीची ठेवल्यास खरेदीदाराला वारंवार मेल जातील आणि तो वैतागेल, अशी शंका भागीदारांनी काढली. उमेदवाराचे म्हणणे असे की, आधी आतल्या माणसांना कळवायचे आणि खरेदीदाराला फक्त पॅकिंग अर्ध्यापेक्षा कमी झालेले असेल तरच लिहायचे. दोघांचे पूर्ण एकमत झाले नाही. पण नोकरी मागणारा आणि देणारा असे न राहता एका कामावर बोलणारी दोन माणसे असे त्या खोलीतले चित्र झाले होते. नोकरी का गेली हा प्रश्न पुन्हा आला नाही.

निवड कळवण्यापूर्वी बाईंनी जुन्या युनिटला फोन केला. तिथून फक्त कामाचा कालावधी, पद आणि ‘सेवा कंपनीने समाप्त केली’ एवढेच सांगण्यात आले. बऱ्याच ठिकाणी याहून अधिक सांगत नाहीत. उमेदवाराने स्वतःहून दिलेले उत्तर या त्रोटक माहितीशी तंतोतंत जुळले. उत्तर वेगळे असते, तर तीच त्रोटक माहिती आरोपासारखी वाटली असती.

पगार मात्र पूर्वीपेक्षा थोडा कमी ठरला आणि परिविक्षेचा काळ तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांचा झाला. उमेदवाराने त्यावर घासाघीस केली नाही, परंतु सहा महिने पूर्ण झाल्यावर पगाराचा फेरविचार होईल हे वाक्य नियुक्तिपत्रात घालून घेतले. खरे सांगितले की सगळे पूर्वीसारखे मिळते, असे कोणी समजू नये. ज्या जबाबदारीत माणूस एकदा कमी पडला, तीच जबाबदारी देताना मालक काही काळ सावध राहणार आणि त्याने तसे राहणे रास्त आहे.

तयारीच्या वेळी एक मुद्दा निघाला होता, तो अशा स्थितीतल्या इतरांनाही भेडसावतो म्हणून येथे नोंदवतो. जुन्या मालकांनी पत्र देण्यापूर्वी त्यांना राजीनामा देण्याचा पर्याय दिला होता. रागाच्या भरात त्यांनी तो नाकारला. तो स्वीकारला असता, तर कागदावर राजीनामा दिसला असता आणि अर्जात ‘राजीनामा’ असे लिहिणे चूक ठरले नसते. पण मुलाखतीत ‘तुम्हाला राजीनामा द्यायला सांगितले होते का?’ असा सरळ प्रश्न आला असता, तर उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागले असते, आणि पुढचे पाऊण मिनिट हेच राहिले असते. मागून घेतलेल्या राजीनाम्याने पहिला प्रश्न मऊ होतो, दुसरा होत नाही.

रुजू होण्याच्या दिवशी भरायच्या अर्जात एक रकाना होता: ‘यापूर्वी आपली सेवा कोणत्याही मालकाने समाप्त केली आहे काय? असल्यास कारण लिहा.’ अशा अर्जाच्या शेवटी बहुधा एक ओळ असते की, दिलेली माहिती खोटी आढळल्यास नियुक्ती केव्हाही रद्द होऊ शकते. मुलाखतीत खरे बोललेली माणसेही हा रकाना कोरा सोडतात, कारण तोंडी सांगितले आहेच असे त्यांना वाटते. पण भागीदार बदलतात, मनुष्यबळ पाहणारी व्यक्ती बदलते, आणि दोन वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला तोंडी काय सांगितले ते ठाऊक नसते. उमेदवाराने रकान्यात ‘होय’ लिहिले, खाली शिपमेंट, एलसीची तारीख आणि मुदतवाढ न मागितल्याची नोंद दोन ओळींत केली, आणि भरलेल्या अर्जाची एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवली.